दादा, राम राम

सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसं गेल्या काही पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. विट्याकडच्या घराघरांतला कुणी ना कुणी केरळात, तमिळनाडूत किंवा कोलकात्यात गलाईच्या दुकानात असतो. तिथं नव्यानं आलेल्या पोराची मुख्य कारागिराशी पहिली भेट कशी होते, त्याची ही गोष्ट. यातला पोरगा कुणी एक नाही, असे अनेक आहेत.

आटपाडीकडचा, नुकती अठरा उलटलेला. मिरजेहून रेल्वेनं कोइमतूरला उतरतो. भाषा कळत नाही, पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही, हातात फक्त पत्त्याचा कागद. दुकानाशी पोचतो, पण पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवतो. चुलत्यानं निघताना बजावलेलं असतं, की विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. तो दारातूनच म्हणतो, "दादा, राम राम. आटपाडीकडनं आलोय."

दादा भट्टीवरून मान वर करतात. "कुणाचा रं तू?" पोरगा वडलांचं नाव सांगतो, मग आजोळचं गाव. "जेवलास का? काय येतंय?"

"काय येत न्हाई दादा. शिकीन."

हे उत्तर दादांना पसंत पडतं. थोडं येतं म्हणणाऱ्या पोराचीच इथं जास्त धास्ती असते.

ती का, हे काम पाहिलं की समजतं. समजा, सराफानं १८ कॅरेटचा २० ग्रॅमचा जुना दागिना आणला. त्यात शुद्ध सोनं १५ ग्रॅम, बाकी तांबं किंवा चांदी. नायट्रिक ॲसिड चांदी आणि तांबं विरघळवतं, सोन्याला धक्का लावत नाही. पण सोनं जास्त असेल तर ते चांदी-तांब्याला झाकून टाकतं आणि ॲसिड आत पोचतच नाही. म्हणून आधी मुशीत ४० ग्रॅम चांदी मिसळतात. एकूण वजन ६० ग्रॅम होतं, त्यात सोनं फक्त चौथा हिस्सा. हे मिश्रण वितळवून पाण्यात ओततात, त्याचे बारीक दाणे होतात आणि ते ॲसिडमध्ये उकळतात. तळाशी तपकिरी भुकटी उरते, ती शुद्ध सोनं. ती धुऊन पुन्हा वितळली की पिवळा रंग येतो. ॲसिडमध्ये गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या बुडवून परत मिळवतात.

चांदी कमी पडली तर सोन्यात ती अडकून राहते, टंच उतरतो आणि सराफ दुसऱ्या दिवशी दुकानाशी भांडायला येतो. भुकटी धुताना हात हलला तर सोनं पाण्याबरोबर जातं. म्हणूनच जमिनीवरचा केर टाकत नाहीत आणि हात धुतलेलं पाणीही साठवतात. दोन्हींतून पुढं सोनं काढतात. नव्या पोराला हे ठाऊक नसतं. त्यानं उंबऱ्याबाहेर थांबून ओळख दिली, तेव्हाच दादांना कळतं की घरच्यांनी त्याला सांगून पाठवलंय. अशा दुकानात विश्वास ओळखीवर सुरू होतो, म्हणून आधी गाव विचारलं जातं.

मात्र या पहिल्या बोलण्यात एक गोष्ट बहुतेकदा राहून जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ॲसिड उकळताना लालसर तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. फसवा असतो तो: श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, मग माणसाला बरं वाटतं, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागतं. रात्री धाप लागलेल्या पोराला वाटतं, परगावची हवा मानवली नाही. पहिल्याच दिवशी तक्रार केली तर आपल्याला नाजूक समजतील, या भीतीनं तो गप्प राहतो.

त्याला विचारायचं धाडस होणार नाही. "शिकीन" म्हणताना त्यानं मान खाली घातलेली असते. म्हणून पोराच्या राम रामला उत्तर देताना दादांनीच बोललं पाहिजे: धूर कुठून बाहेर जातो, उकळत्या भांड्यावर वाकायचं नाही, ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धूत राहायचं, आणि धूर छातीत गेल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. पगार किती आणि गावी कधी जायला मिळेल, हेही त्याच बैठकीत ठरावं. गलाईच्या दुकानमालकांना एवढीच विनंती आहे, की पोराला जेवलास का विचाराल, त्याच वेळी धुराबद्दलही सांगा.