तक्त्यावरून वेळापत्रक: ताठर पाठीसाठी वीस मिनिटांची आसने

योगवर्गाच्या भिंतीवरील आसनांच्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरी सराव सुरू करणारे पुष्कळ असतात. तक्त्यात प्रत्येक आसनाची शेवटची स्थिती दिसते. त्या स्थितीत कसे जायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणत्या आसनानंतर कोणते करायचे, हे मात्र त्यात नसते. चित्रांचा क्रमही बहुधा छपाईच्या सोयीने लागलेला असतो. त्यामुळे फोटोतील नावे आधी कागदावर उतरवावीत आणि मग आपल्या पाठीला झेपतील अशी आसने निवडावीत.

उदाहरणादाखल बारा आसनांचा एक तक्ता घेऊ: ताडासन, त्रिकोणासन, पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, वक्रासन, भुजंगासन, शलभासन, धनुरासन, चक्रासन, सर्वांगासन, हलासन आणि शवासन. पाठ ताठर असलेल्या नवशिक्याने यांतील धनुरासन, चक्रासन, सर्वांगासन आणि हलासन बाजूला ठेवावे. पहिल्या दोन आसनांत कमरेला खोल मागचा बाक येतो, तर शेवटच्या दोहोंत मान आणि पाठीच्या वरच्या भागावर शरीराचा भार पडतो. पश्चिमोत्तानासनही सध्या वगळावे. उरलेल्या सात आसनांना तक्त्याबाहेरची दोन सोपी आसने जोडावीत: एका पायाचे पवनमुक्तासन आणि मार्जारासन.

क्रम ठरवताना सकाळच्या वेळेचा विचार महत्त्वाचा असतो. रात्री आडवे असताना मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर कंबर वाकायला अधिक विरोध करते. त्या वेळी खोल वाकल्यास चकत्यांवर आणि अस्थिबंधांवर जास्त ताण येतो. उभे राहून हालचाल सुरू झाली की हे पाणी हळूहळू कमी होते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तासाभरातच घडतो. त्यामुळे उठल्यावर निदान अर्धा तास चालणे-फिरणे, आन्हिके झाल्यावर, रिकाम्या पोटी सराव करावा आणि पुढे वाकण्याचे आसन उशिरा घ्यावे.

वीस मिनिटांची आखणी अशी करता येते. पहिली दोन मिनिटे गुडघे वाकवून, तळवे जमिनीवर टेकवून उताणे पडावे आणि श्वास संथ होऊ द्यावा. पुढची दोन मिनिटे पवनमुक्तासनाची: एकेक गुडघा आळीपाळीने छातीकडे आणून प्रत्येकी अर्धा मिनिट धरावा. मग दोन मिनिटे मार्जारासन, श्वासाच्या लयीत. त्यानंतर दोन मिनिटे भुजंगासन, पण कोपरे जमिनीवर टेकवून. वीस सेकंद थांबणे आणि तेवढीच विश्रांती, असे तीनदा. पुढे दोन मिनिटे शलभासन, एका वेळी एकच पाय उचलून. मग उभे राहून एक मिनिट ताडासन आणि दोन मिनिटे त्रिकोणासन, ज्यात हात जमिनीऐवजी नडगीवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर ठेवावा. नंतर दोन मिनिटे पादहस्तासनाचे अर्धे रूप आणि दोन मिनिटे वक्रासन, घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसून. शेवटची तीन मिनिटे शवासन. बाजू बदलणे आणि स्थितीत येणे-जाणे यांचा वेळ या आकड्यांतच धरला आहे, म्हणून दर टप्प्याला मोबाइलचा गजर लावला तरी घाई होत नाही. खुर्ची, पट्टा, ब्लँकेट अशा साधनांचा आसनांत पद्धतशीर वापर पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी रुजवला. नवशिक्याने ती वापरण्यात कमीपणा नाही.

सर्वाधिक चूक होते ती पादहस्तासनात. तक्त्यातील माणसाचे हात पावलांना लागलेले दिसतात, म्हणून नवशिका हात खाली नेण्यासाठी कंबर गोल करतो. मांडीमागचे स्नायू आखूड असले की ते ओटीपोटाच्या हाडाला मागे ओढून धरतात. मग वाकणे खुब्यातून न होता कमरेतून होते. ताण कुठे जाणवतो, यावरून चूक ओळखता येते. तो मांडीमागे असेल तर ठीक; कमरेत असेल तर स्थिती चुकली आहे. अर्ध्या रूपात हात कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवावेत, गुडघे किंचित वाकवावेत आणि पाठ सपाट राहील तेवढेच खुब्यातून पुढे झुकावे. घरातल्या कुणाकडून बाजूने फोटो काढून घेतला, तर पाठीचा कुबड लगेच दिसतो.

आठवडाभर पाठ कुरकुरली नाही, तर एकाच आसनाचा थांबण्याचा वेळ पाच-दहा सेकंदांनी वाढवावा. एका वेळी एकच बदल केला की त्रास कशाने झाला ते कळते. स्नायूंचा बोथट ताण दिवसभरात ओसरतो. मात्र कळ पायात उतरत असेल, किंवा पायाला मुंग्या वा बधिरपणा येत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यास किंवा जांघेभोवती बधिरपणा आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हाडे ठिसूळ असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे वेळापत्रक स्वतःहून सुरू करू नये.