आलेल्या उत्तरांवरून लग्नाच्या ताटांचा हिशोब

हल्ली लग्नाच्या निमंत्रणासोबत व्हॉट्सॲपवर एक गूगल फॉर्मही जातो. कोण येणार, मोठे किती, मुले किती आणि जेवण कसले हवे, एवढेच त्यात विचारलेले असते. आलेली उत्तरे एका शीटमध्ये जमतात, घरातले कोणी तरी तिचा स्क्रीनशॉट काढून केटररला पाठवते आणि त्यावरून ताटांचा आकडा ठरतो. या चित्रात सगळी माहिती असते असे वाटते, पण बेरीज करण्याआधी त्यातल्या तीन-चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली तपासणी डावीकडच्या ओळींच्या क्रमांकांची. शीटवर फिल्टर लावलेला असेल तर लपलेल्या ओळींचे क्रमांक गळतात, म्हणजे 41 नंतर एकदम 44 दिसतो. स्क्रीनशॉटमध्ये पडद्यावर मावेल तेवढेच येते, त्यामुळे शेवटच्या ओळीचा क्रमांकही पाहावा. 96 उत्तरे आली असतील आणि पहिली ओळ मथळ्याची असेल, तर शेवटचा क्रमांक 97 हवा. तो 80 असेल तर चित्र अर्धवट आहे. उजवीकडचा जेवणाचा रकाना पुष्कळदा कापला जातो, तोही बघून घ्यावा. चित्रावरून आकडे हाताने उतरवताना १ आणि ९, किंवा 1 आणि 7 यांची गल्लत होते. एका ओळीत एकाचे सात झाले की सहा ताटे वाढतात.

पुण्याजवळच्या एका कार्यालयातले दुपारचे लग्न उदाहरण म्हणून घेऊ. 96 उत्तरांपैकी 78 ‘हो’, 11 ‘बघू’ आणि 7 ‘नाही’ अशी आहेत. ‘हो’ म्हणणाऱ्यांत 236 मोठे आणि पाच ते दहा वर्षांची 34 मुले आहेत. दोन कुटुंबांनी फॉर्म दोनदा भरला आहे, एकदा नवऱ्याच्या नावाने आणि एकदा बायकोच्या. त्यांची जास्तीची नोंद काढली की 230 मोठे आणि 33 मुले उरतात. ‘हो’ म्हणूनही न येणारे असतातच. इथे ते आठ टक्के धरले आहेत, म्हणून मोठ्यांची संख्या 212 आणि मुलांची 30 होते. हे प्रमाण घरच्यांनी आपल्या नातेवाइकांवरून ठरवावे. कामाच्या दिवशीच्या मुहूर्ताला ते वाढते, रविवारी कमी होते. ‘बघू’ म्हणणाऱ्यांत 30 मोठे आणि 6 मुले आहेत. त्यातली निम्मी धरली की 227 मोठे आणि 33 मुले होतात. मुलांना अर्धे ताट धरले तर त्यांची सतरा ताटे, म्हणजे एकूण 244.

आता जे शीटमध्ये नाहीतच त्यांचा विचार. फॉर्म न भरणारी वयस्कर मंडळी आणि शेजारी यांना फोन करून विचारावे लागते. इथे त्यांची संख्या 26 निघाली. गुरुजी, फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर आणि सजावटीची माणसे मिळून आणखी 20. ही वीस ताटे यादीतून सर्वांत जास्त वेळा सुटतात आणि बिलात मात्र हमखास येतात. अपेक्षित आकडा 290 झाला.

आवडीनिवडीच्या रकान्यात सर्वांत मोठी चूक होते. माणसे प्रत्येक ओळीत अनेक असतात, पण जेवणाचे उत्तर ओळीला एकच असते. या शीटमध्ये ‘जैन’ लिहिलेल्या नऊ ओळींत 27 माणसे आहेत. फोन केल्यावर कळते की कंदमुळे वर्ज्य असणारे 19 आहेत. उरलेल्या आठ जणांना फक्त कांदा-लसूण नको आहे. त्या दिवशी संकष्टी आहे. ‘उपवास’ लिहिलेल्या सहा ओळींत 19 माणसे दिसतात, पण खरे उपवासाचे आठच आहेत, कारण घरातल्या एकाने उपवासासाठी खूण केली ती सगळ्या कुटुंबाला लागली.

म्हणून आवडीचा हिशोब माणसांवर न करता पदार्थांवर करावा. पारंपरिक मराठी बेतात हे सोपे जाते. तोंडल्याचा मसालेभात कांदा-लसणाशिवायच होतो, वरण-भात, पुरी आणि जिलेबी सगळ्यांना चालतात. कांदा-लसूण नको असलेल्या आठ जणांसाठी वेगळे काहीच लागत नाही. जैन पाहुण्यांसाठी मात्र बटाट्याच्या भाजीऐवजी भेंडीची भाजी करावी लागते आणि मठ्ठ्यातले आले टाळावे लागते. आले हेही कंदमूळच आहे आणि ही गोष्ट हटकून विसरली जाते. त्यांच्यासाठी मठ्ठ्याचे एक पातेले वेगळे ठेवावे आणि त्यावर चिठ्ठी लावावी. बुफेत भेंडी उघड्यावर ठेवली तर इतर पाहुणेही घेतात आणि ज्यांच्यासाठी केली त्यांनाच ती पुरत नाही. म्हणून जैन भाजी वेगळ्या टेबलावर, वाढप्याच्या ताब्यात असावी, आणि 19 ऐवजी 25 जणांपुरती करावी.

आता प्रमाण. आचाऱ्यांचा घरगुती अंदाज शंभर ताटांना साधारण असा असतो: मसालेभाताला 5 किलो तांदूळ, साध्या भाताला 3 किलो, वरणाला अडीच किलो तूरडाळ, पुऱ्यांना 7 किलो कणीक, भाजीला 10 किलो बटाटे, 8 किलो जिलेबी, 15 लिटर मठ्ठा. उपवासाचे आठ जण वगळले तर 282 ताटांना मसालेभाताचे सुमारे 14 किलो तांदूळ आणि साडेबावीस किलो जिलेबी लागते. बटाट्याची भाजी जैन पाहुणेही घेणार नाहीत, म्हणून ती 263 ताटांची, म्हणजे 26 किलो बटाटे. उपवासाच्या खिचडीला माणशी 75 ग्रॅम साबुदाणा धरला तर आठ जणांना 600 ग्रॅम पुरतो, पण खिचडी पाहून आणखी चौघे हात पुढे करतात, त्यामुळे एक किलो भिजवलेला बरा. भात आणि वरण आयत्या वेळी वाढवता येते, जिलेबी येत नाही. हात आखडता घ्यायचा तर तो भातावर, जिलेबीवर नाही.

खर्चाचा हिशोब ताटाच्या दरावर असतो. इथे दर 400 रुपये धरू. केटरर एक गॅरंटीचा आकडा मागतो. तितक्या ताटांचे पैसे माणसे कमी आली तरी द्यावे लागतात, म्हणून 290 अपेक्षित असताना गॅरंटी 270 ची द्यावी आणि तयारी 300 ची ठेवायला सांगावे. वाढीव ताटांचा दर तोच राहील हे आधीच लिहून घ्यावे. बाहेरच्या केटरिंगवर साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो. त्यासह 270 ताटांचे 1,13,400 रुपये, 290 चे 1,21,800 आणि 300 चे 1,26,000 होतात. म्हणजे खर्चाचा पट्टा साडेबारा हजारांचा आहे आणि तेवढी तजवीज हाताशी असावी. पाण्याच्या बाटल्या, वाढपी, भांडी आणि वाहतूक दरात धरली आहेत का, हेही विचारावे. मुलांचे अर्धे ताट केटररला मान्य नसेल तर सोळा ताटे वाढतात आणि करासह सुमारे 6,700 रुपये जास्त लागतात.

बिल ताटांच्या मोजणीवर होते. जेवणे सुरू होण्याआधी मांडलेली रिकामी ताटे केटररच्या माणसासमोर मोजावीत आणि शेवटी उरलेली पुन्हा मोजावीत. दोन ताटे घेणारे किंवा मुलाला पूर्ण ताट देणारे पाहुणे त्यात दिसतात. हे काम घरातल्या एका माणसाकडे सोपवावे आणि दोन्ही आकड्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. गॅरंटीचा आकडा बहुतेक केटरर दोन-तीन दिवस आधी मागतात. त्या दिवशी जुना स्क्रीनशॉट वापरू नये, मूळ शीट उघडून सगळे आकडे पुन्हा मोजावेत.