‘चालेल’ एवढ्याने भागत नाही

नाशिकच्या एका मुलीची पुण्यातल्या कंपनीत मुलाखत ठरली आहे, असं समजू. दुसरी फेरी, तांत्रिक प्रश्नांची, ऑनलाइन. पॅनेलवर तिघं जण : एक पुण्यात, एक लंडनमध्ये, एक अमेरिकेत न्यू जर्सीला. दिवस गुरुवार, ५ मार्च २०२६, वेळ रात्री ८. दोन दिवस आधी कंपनीच्या एचआर विभागातल्या बाईंचा मेल येतो : ‘पॅनेलमधल्या एका सदस्यांना गुरुवारी अडचण आली आहे. मुलाखत पुढच्या मंगळवारी सकाळी ९.३० ईएसटीला घेतली तर चालेल का? बाकी सगळं तेच.’

उमेदवार अशा वेळी आधीच धास्तावलेला असतो. त्यामुळे ‘हो मॅडम, चालेल. धन्यवाद!’ असं उत्तर दोन मिनिटांत जातं. उत्तर नम्र आहे, वेळेवर आहे आणि त्याने काहीही पक्कं झालेलं नाही.

आधी वेळ घेऊ. ५ मार्चला रात्री ८ ही वेळ ठरली, तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे ९.३० वाजणार होते. हिवाळ्यात तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात. तेव्हा तेच ९.३० पुन्हा आले म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८ च, असं ती मुलगी सहज धरेल. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. २०२६ मध्ये तो रविवार ८ मार्चला येतो. म्हणजे मंगळवारी, १० तारखेला, फरक साडेनऊ तासांचा झालेला असेल. न्यू जर्सीत ९.३० वाजतील तेव्हा नाशिकला संध्याकाळचे ७ वाजलेले असतील. मुलगी रात्री ८ ला कपडे ठाकठीक करून लॅपटॉपसमोर बसेल, आणि पॅनेल तासभर वाट पाहून उठून गेलेलं असेल.

त्यात लंडनचा घोळ वेगळा. ब्रिटनमध्ये घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, यंदा २९ तारखेला. मधल्या तीन आठवड्यांत न्यू जर्सी आणि लंडन यांच्यातला नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांवर येतो. पाच तारखेला लंडनकराला दुपारी २.३० ला बसायचं होतं, दहा तारखेला १.३० ला. आपण भारतात घड्याळाला वर्षभर हात लावत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. शरद ऋतूत हाच प्रकार उलटा होतो : ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

वर ‘ईएसटी’ हे अक्षरशः पाहिलं तर हिवाळ्यातल्या वेळेचं नाव आहे. उन्हाळ्यातल्या वेळेला ईडीटी म्हणतात. पण कार्यालयांमध्ये लोक बाराही महिने ईएसटीच लिहितात. एचआरच्या बाईंना न्यू जर्सीतल्या भिंतीवरच्या घड्याळातले ९.३० म्हणायचे असणार, हे जवळजवळ नक्की. पण लिहिलेल्या शब्दाचा नेमका अर्थ काढला तर उत्तर रात्री ८ येतं. दोन्ही अर्थ एकाच ओळीत बसतात, आणि ‘चालेल’ म्हटल्याने दोन्ही मान्य होतात.

म्हणूनच होकार देताना सगळा तपशील पुन्हा लिहायचा असतो. मात्र तो समोरच्याच्या शब्दांत उतरवून काढला तर काही उपयोग नाही. ‘मंगळवारी सकाळी ९.३० ईएसटीला चालेल’ असं उत्तर दिसायला काटेकोर आहे. पण चूक जिथे होती तिथेच राहिली, उलट आता तिच्यावर दोघांची सही झाली. तपशील आपल्या घड्याळात, आपल्या तारखेत, आपल्या बाजूने मांडला तरच गैरसमज उघड्यावर येतो.

रेल्वेत ही गोष्ट फार आधी ओळखली गेली. जिथे फाटक सिग्नलशी जोडलेलं नाही, तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोनवर गाडीची खबर देतो, तेव्हा गेटमन नुसतं ‘हो’ म्हणत नाही. फाटक बंद करून तो आपल्याकडच्या तक्त्यातला एक खासगी क्रमांक सांगतो आणि स्टेशन मास्तर तो नोंदवून घेतो. हा क्रमांक स्टेशन मास्तरने दिलेला नसतो. तो गेटमनकडूनच यावा लागतो. मेलला दिलेल्या उत्तरातही असंच काहीतरी आपल्याकडचं असायला हवं, आणि इथे ते म्हणजे ‘संध्याकाळी ७, भारतीय वेळ’ हे शब्द.

आता ‘बाकी सगळं तेच’ या वाक्याकडे येऊ. मेल लिहिणाऱ्याला ते फार सोयीचं, पण ‘तेच’ म्हणजे काय काय? लिंक तीच का? मुलाखत तासाभराचीच का? आणि ज्या सदस्यांना अडचण आली ते मंगळवारी येणार, की त्यांच्या जागी दुसरं कोणी? हे तिथल्या तिथे विचारून घेणं उमेदवाराला उद्धटपणाचं वाटतं. विचारायची गरजही नाही. आपण काय धरून चाललो आहोत ते लिहिलं, की पुरतं. चुकत असेल तर समोरचा सांगेल, बरोबर असेल तर त्याला वेगळं उत्तर लिहिण्याचे कष्ट पडत नाहीत.

नाशिकच्या मुलीचं उत्तर असं असू शकतं. प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर हा :

‘नमस्कार मॅडम,

मंगळवार, १० मार्चची वेळ मला चालेल.

दुसरी फेरी (तांत्रिक) : मंगळवार, १० मार्च २०२६, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ ते ८. त्या वेळी न्यू जर्सीत सकाळचे ९.३० आणि लंडनमध्ये दुपारचे १.३० असतील. मुलाखत ऑनलाइन, आधीच्या निमंत्रणातल्याच लिंकवर, आणि पॅनेलवर आधी कळवलेले तिघेही असतील, असं धरते. गुरुवार, ५ मार्चची रात्री ८ ची वेळ आता रद्द.

आपल्या मेलमध्ये ईएसटी लिहिलं आहे. ८ मार्चपासून तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणून मी न्यू जर्सीतल्या त्या दिवशीच्या घड्याळाप्रमाणे वेळ काढली आहे. त्यात फरक असेल तर कृपया कळवा.

कॅलेंडरमध्ये निमंत्रण अजून ५ मार्चचंच दिसतं आहे. ते बदलून पाठवाल का? त्या दिवशी काही अडचण आली तर माझा मोबाइल नंबर खाली दिला आहे.’

पहिल्या ओळीत होकार आहे, आणि तो स्वच्छ आहे. ‘बहुतेक जमेल’, ‘प्रयत्न करते’ असं लिहिलं की समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं. वार आणि तारीख दोन्ही आहेत, कारण मंगळवारी ११ तारीख असं कोणी चुकून लिहिलं तर दोहोंतला विसंवाद लगेच दिसतो. महिना अक्षरांत आहे. अमेरिकेत आकड्यांत आधी महिना लिहितात, तिथला ३/१० आपल्याला तीन ऑक्टोबर वाटतो. जुनी वेळ रद्द झाल्याचंही लिहिलं आहे. हे वाक्य लोकांना अनावश्यक वाटतं, पण पॅनेलमधल्या पुणेकरापर्यंत बदलाची खबर पोचलीच नसेल, तर तो गुरुवारी एकटाच लिंकवर येऊन बसेल. त्या वाक्यामुळे एचआरच्या बाईंना त्याची आठवण होण्याची शक्यता वाढते.

कॅलेंडरचं काय, हे जरा सावकाश सांगायला हवं, कारण अलीकडचे बरेच घोटाळे तिथेच होतात. कॅलेंडरमधल्या प्रत्येक निमंत्रणाला आतून एक ओळख क्रमांक असतो. आयोजकाने तेच निमंत्रण उघडून वेळ बदलली, तर ओळख तीच राहते आणि सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये जुनी नोंद सरकून नव्या जागी जाते. पण घाईत आयोजक नवंच निमंत्रण तयार करतो आणि जुनं रद्द करायला विसरतो, हेही नेहमी घडतं. मग दोन्ही नोंदी राहतात, दोन्हींच्या सूचना वाजतात, आणि बहुतेक वेळा नव्या निमंत्रणाची लिंक वेगळी असते. उमेदवार जुन्या लिंकच्या वेटिंग रूममध्ये ताटकळतो, पॅनेल दुसरीकडे वाट पाहतं.

उलट बाजूही आहे. निमंत्रण आल्यावर ‘नवी वेळ सुचवा’ हे बटण दाबलं म्हणजे वेळ बदलली, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सूचना फक्त आयोजकाकडे जाते. त्याने ती मान्य करून सुधारलेलं निमंत्रण पाठवेपर्यंत इतरांकडे जुनीच वेळ दिसत राहते. आणि सुधारलेलं निमंत्रण आलं तरी ते उघडून वाचावं. वरच्या चौकटीत नवी वेळ आणि खालच्या मजकुरात कोणीतरी हाताने टाइप केलेली जुनी वेळ, असं दृश्य दुर्मीळ नाही. ‘स्वीकारा’ हे बटण दाबावंच, पण मी काय समजले हे ते बटण कोणाला सांगत नाही.

मध्यरात्रीजवळच्या वेळांना मी सगळ्यात जास्त घाबरतो. पॅनेल कॅलिफोर्नियात असेल आणि मार्च ते नोव्हेंबरमधली वेळ मंगळवारी दुपारी १२ ची असेल, तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १२.३० असतात आणि बुधवार सुरू झालेला असतो. रात्री साडेबाराच्या गाडीचं तिकीट काढताना तारीख चुकलेली माणसं प्रत्येक कुटुंबात सापडतील. इथे तर दोन्ही बाजूंचे वार वेगळे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. अशा वेळी ‘मंगळवारची रात्र उलटून बुधवार सुरू झाल्यावर रात्री १२.३०, म्हणजे तुमच्याकडे मंगळवारी दुपारी १२’ असं लांबलचक लिहिण्यात कमीपणा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मेलच्या विषयाच्या ओळीत ‘मुलाखत, ५ मार्च, रात्री ८’ असं असतं आणि उत्तरं त्याखालीच येत राहतात. विषय बदलावा असा मोह होतो, पण जीमेलमध्ये विषय बदलला की उत्तर वेगळ्या धाग्यात जातं आणि आधीचा पत्रव्यवहार मागे पडतो. म्हणून विषय तसाच ठेवून नवी तारीख उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहिलेली बरी.

एवढा मोठा मजकूर प्रत्येक वेळी लिहायचा नसतो, हेही खरं. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने चारची बैठक साडेचारला नेली, तर ‘साडेचार, तुझ्याच टेबलापाशी’ एवढं पुरतं. बदल जितका लांबच्या माणसाशी, जितक्या जास्त लोकांचा, तितका तपशील वाढतो. आणि तपशील उजळणीपुरताच ठेवावा. त्याच उत्तरात ‘तसं बुधवार जास्त बरा पडला असता’ किंवा पगाराबद्दलचा प्रश्न घातला, की ठरलेली गोष्ट पुन्हा उघडी पडते आणि पुढचं उत्तर त्या नव्या प्रश्नाला येतं, वेळेला नाही.

मेल पाठवल्यावर एचआरच्या बाईंकडून ‘बरोबर’ एवढं आलं, किंवा संध्याकाळी ७ ची नोंद असलेलं सुधारित निमंत्रण आलं, तर काम झालं. त्यावर पुन्हा ‘धन्यवाद, भेटूच’ पाठवायची गरज नसते. काहीच आलं नाही, तर सोमवारी दुपारी एक फोन करावा आणि मेलमधलं तेच एक वाक्य वाचून दाखवावं : मंगळवार, १० मार्च, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७, जुन्याच लिंकवर, बरोबर ना?