बडा गणपतीची कथा : सांगणारा काय बदलतो?

लोकसाहित्याच्या पहिल्या तासाला मी नेहमी एकच कथा घेत असे, आपल्या इंदूरच्या बडा गणपतीची. उज्जैनच्या दाधीच नावाच्या गणेशभक्ताला स्वप्न पडले आणि त्यात दिसलेल्या रूपाप्रमाणे त्यांनी ही सुमारे २५ फुटी मूर्ती उभारली, हा कथेचा गाभा. विटा, चुना, गूळ, मेथी, सप्तपुरींची माती आणि तीर्थांचे जल तिच्यात आहे, असे सांगतात.

प्रत्येक विद्यार्थ्याने एक छापील पाठ आणि घरातून ऐकलेला एक तोंडी पाठ आणावा, अशी अट असे. मग मी तीन प्रश्न विचारी.

पहिला प्रश्न : केवळ छापील पाठात काय आढळते? बहुधा साल. ते कोठे १८७५ असते, कोठे १९०१. तोंडी पाठात त्या जागी 'आमच्या पणजोबांच्या वेळी' असे येते. लेखणी कथेला कालगणनेशी जोडते, वाणी आपल्या कुळाशी. यांतील खरे साल कोणते, हे मात्र पाठांच्या तुलनेने ठरत नाही. त्याला समकालीन कागदच हवा.

दुसरा प्रश्न : कोणता शब्द पालटला? हिंदी पाठातील 'सपना' मराठी घरात 'दृष्टांत' होतो. स्वप्न नुसते पडते. दृष्टांतात आज्ञा असते. एका विद्यार्थिनीच्या आजीच्या कथनात म्हणूनच भक्त आधी कचरतो आणि देव दुसऱ्यांदा दृष्टांत देतो. एका शब्दामागून एक नवा प्रसंग आला. त्या वेळी मी छापील पाठ प्रमाण मानून त्या कथेवर 'साल नाही, सप्तपुरी नाहीत, अपुरी' असा शेरा मारला होता. तो शेरा आजही मला बोचतो. आजीने काही गाळले नव्हते. ती संतचरित्रांच्या वळणाने कथा सांगत होती.

तिसरा प्रश्न : तोच तपशील कोणाच्या तोंडी कोणता अर्थ घेतो? छापील यादीत गूळ आणि मेथी पवित्र मातीच्या शेजारी बसतात व त्यांनाही पावित्र्य चढते. जुन्या गवंड्याच्या दृष्टीने मात्र तो चुन्याचा मसाला : मेथीने चिकटपणा येतो, गुळाने चुना हाताखाली मऊ राहतो. एकाला त्यात श्रद्धा दिसते, दुसऱ्याला कसब.

एक सावधगिरी हवी. अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका, द्वारका ही नावे कोणी याच क्रमाने, न अडखळता सांगितली, तर ती पाठ केलेली असण्याचा संभव अधिक, कारण हा क्रम संस्कृत श्लोकाचा आहे. अशा वेळी 'हे कोठे ऐकले?' असे विचारावे आणि आठवड्याने तीच कथा पुन्हा सांगावयास लावावी. दोन्ही वेळी जे टिकते तो सांगणाऱ्याचा गाभा. जे बदलते ते बहुधा समोरच्या श्रोत्यासाठी असते.

म्हणून वहीत कथेच्या वर तीन गोष्टी आधी लिहाव्यात : कोणी सांगितली, कोणाला आणि कोठे. त्यांवाचून पाठभेद ही केवळ चुकांची यादी होते, आणि मग माझ्यासारखा एखादा शिक्षक त्यावर 'अपुरी' असे लिहून मोकळा होतो.