आधी विक्री, मग ओळख: अनोळखी रिक्वेस्टचं काय करायचं?

समजा, म्हैसूर जिल्ह्यात तलकाडला, कावेरीकाठी, तुमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. सकाळी लिंक्डइन उघडलं, तर एक रिक्वेस्ट. नाव अनोळखी. सोबत चिठ्ठी: "सर, तुमची प्रोफाइल आवडली. तलकाडला दरवर्षी पंचलिंग दर्शनाला मोठी गर्दी होते. तुमच्या खोल्या फुल करून देतो. कधी बोलू या?"

आता Accept दाबलं तर काय होतं, ते आधी पाहू. ती व्यक्ती तुमच्या थेट ओळखीत येते आणि हवे तेव्हा मेसेज पाठवू शकते. सेटिंगमध्ये बंद केलं नसेल, तर तुमच्या ओळखीच्या लोकांची यादीही तिला दिसते. मला जास्त खटकतं ते पुढचं. तीच व्यक्ती उद्या तुमच्या मित्राला रिक्वेस्ट पाठवते, तेव्हा मित्राला दिसतं की तुम्ही दोघांच्या ओळखीचे आहात. "यांनी घेतलंय म्हणजे माणूस बरा असेल," असं तो धरून चालतो. तुम्ही शिफारस केलेली नसते, पण ती झालेली असते.

म्हणून चिठ्ठी नीट वाचा. वरची चिठ्ठी तुमच्यासाठी लिहिल्यासारखी वाटते, कारण तिच्यात गावाचं नाव आहे. पण पंचलिंग दर्शन दरवर्षी होत नाही. कार्तिकातल्या सोमवारी ठरावीक योग जुळला तरच होतं. 2009, 2013 आणि मग थेट 2020 मध्ये झालं. तलकाडच्या कुठल्याही चहावाल्याला हे माहीत असतं. म्हणजे मजकूर ठोकळेबाज आहे, फक्त गावाचं नाव बदललंय. अशा रिक्वेस्टला Ignore. समोरच्याला तशी सूचना जात नाही, त्यामुळे संकोच नको. (आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणणं जड जातं. इथे दारच उघडायचं नाहीये.)

पण समजा, चिठ्ठीत असं असतं: "तुमच्या पानावर शनिवार-रविवारचेच फोटो आहेत. आमच्याकडे सोमवार ते गुरुवार प्रवास करणारे निवृत्त लोकांचे गट आहेत." हा माणूस तुमचं पान पाहून आलाय. विक्री करतोय, तर करू दे. विक्री हा काही गुन्हा नाही. तरी लगेच Accept नको. रिक्वेस्ट न स्वीकारताही चिठ्ठीला उत्तर देता येतं, आणि ही सोय बरेच जण वापरतच नाहीत. एवढंच लिहा: "तलकाड किंवा नरसीपूर भागात तुम्ही कोणासाठी काम केलंय? त्यांच्याशी बोलून मग ठरवतो."

खरं काम केलेला माणूस नाव सांगतो आणि तुम्ही त्या मालकाला फोन करता. ज्याच्याकडे नाव नाही, तो बहुधा "आधी पाच मिनिटं कॉल करू" म्हणतो, नाहीतर नोंदणीचे पैसे मागतो. पैशांची गोष्ट निघाली की बोलणं तिथेच थांबवा. नवीनच धंदा सुरू केलेला एखादा प्रामाणिक मुलगा मात्र सरळ सांगतो, "अजून कोणी नाही, तुम्ही पहिले." त्याला आगाऊ काही न देता, आलेल्या पाहुण्यामागे कमिशन ठरवून एक गट पाठवायला सांगा. गट आला, की मग Accept.