कपाटातली प्रत कोणाची?

‘सभासद म्हणून मला पुस्तक घरी नेता यावे, म्हणजे ते निवांत वाचता येईल.’ ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या टीमसाठी ही झाली यूजर स्टोरी. काम पूर्ण झाले की नाही, हे मात्र तिच्या स्वीकृतीच्या अटींवरून ठरते. ‘प्रत शिल्लक असेल तर द्यावी’ ही अट अपुरीच. कपाटात परत आलेली प्रत दुसऱ्या कुणासाठी राखीव असू शकते. म्हणून असे लिहावे: राखीव प्रत इतर सभासदाने मागितली, तर देवघेव नोंदली जाऊ नये आणि काउंटरवर कारण दिसावे, जिच्यासाठी राखली त्या व्यक्तीने मागितली, तर प्रत तिच्या नावावर चढावी आणि आरक्षण मिटावे. आता दोन खात्यांवरून तीच प्रत मागून चाचणी घेता येते. राखलेली प्रत न्यायला कोणी आलेच नाही तर? ते प्रोग्रामरने परस्पर ठरवू नये, ग्रंथपालांना विचारावे.