हॅन्डल उंच केलं, पण वायर पुरते का? गाडीची सीट-हॅन्डल बदलण्याआधी हे तपासा

राळेगाव : वडकी, खैरी, वाढोणा या भागातून रोज राळेगावला ये-जा करणाऱ्यांची एक तक्रार कायम असते. गाडी चालवून कंबर धरते, मनगटं दुखतात, खांदे भरून येतात. उंच माणूस हॅन्डलवर वाकून बसतो, तर ठेंगण्याचे पाय नीट टेकत नाहीत. मग कोणी सीटवर जाड फोम टाकून घेतो, कोणी बाजारातून उंच हॅन्डल आणून बसवतो. हॅन्डल अर्ध्या तासात बसतं. त्या हॅन्डलला जोडलेल्या क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर आणि ब्रेकची वायर किंवा पाईप मात्र जुन्या हॅन्डलच्या मापाच्याच राहतात, आणि खरी गडबड तिथेच होते.

आधी सीटचं पाहू, कारण ती बदलली की हॅन्डलचा हिशेबही बदलतो. फोम कमी-जास्त केल्याने वायरला काहीच धक्का लागत नाही. नेहमीच्या १०० सीसी गाडीची सीट जमिनीपासून साधारण ७८५ ते ८०५ मिलिमीटर उंच असते. पाय टेकत नसतील तर सीटवाल्याकडून पुढच्या भागातला फोम दोन-तीन सेंटिमीटर छाटून आणि कडा अरुंद करून घेता येतात. कडा अरुंद झाल्या की पाय सरळ खाली जातो, त्यामुळे तेवढ्यानेच बराच फरक पडतो. उलट उंच माणसाला गुडघे दुमडून बसावं लागत असेल तर फोम वाढवावा. पण सीट एक इंच वर गेली की हॅन्डल आपोआप एक इंच खाली गेल्यासारखं वाटतं. म्हणून आधी सीट करावी, आठ दिवस गाडी चालवावी, मगच हॅन्डलचा विचार करावा.

काही जण फोमला हात न लावता मागचे शॉकअप बदलून गाडीच उंच किंवा ठेंगणी करतात. त्या भानगडीत न पडलेलं बरं. मागचा भाग उचलला की ड्रम ब्रेकचा रॉड आणि चेन यांचा कोन बदलतो, साईड स्टँडवर गाडी जास्त कलते. खाली घेतली तर मागे पोतं ठेवल्यावर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

हॅन्डलच्या बाबतीत बिनखर्चाचा उपाय आधी करून पाहावा. वरचे क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून आहे तेच हॅन्डल किंचित मागे फिरवता येतं. मूठ एक-दोन सेंटिमीटर जवळ येते. क्लच-ब्रेकचे लिव्हरही थोडे खाली वळवावेत, म्हणजे बोटं आणि मनगट एका रेषेत राहतात. पुष्कळांचं मनगट लिव्हर वर राहिल्यामुळेच दुखत असतं. बोल्ट परत कसताना पुढचे-मागचे थोडे थोडे करून सारखे कसावेत आणि हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून मूठ टाकीला लागत नाही ना, ते पाहावं.

एवढ्याने भागलं नाही तरच नवं हॅन्डल. समजा, ५ फूट ११ इंच उंचीच्या शेतकऱ्याने सीट एक इंच वाढवली आणि आता त्याला दोन इंच उंच हॅन्डल हवं आहे. गाडी साधी, पुढे ड्रम ब्रेक. म्हणजे प्रश्न तीन वायरचा आहे. खरेदीआधी त्याने एक सुतळी घ्यावी. उंच हॅन्डलवर लिव्हर जिथे येईल तिथे ती धरावी आणि जुन्या वायरच्याच वाटेने खाली क्लचपर्यंत न्यावी. वळणं मोठी ठेवावीत, आवळू नये. हॅन्डल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून हेच करावं. जिथे सुतळी सगळ्यात जास्त लागते ते खरं माप. जुनी वायर त्यापेक्षा आखूड भरली तर एक तर कमी उंचीचं हॅन्डल घ्यावं, नाही तर लांब वायर.

लांब वायर घेताना दुकानदार दुसऱ्या मॉडेलची देतो. ती जुन्या वायरशेजारी ठेवून पाहावी. बाहेरचं काळं कव्हर लांब असायला हवं, पण कव्हरच्या बाहेर आलेली आतली तार जुन्या वायरएवढीच असायला हवी. टोकाचा गोळाही तसाच हवा. हे जुळलं नाही तर ॲडजस्टर कितीही फिरवा, क्लच सेट होत नाही.

वायर ताणली गेली हे कसं कळतं? क्लचमध्ये लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई लागते. हॅन्डल वळवल्यावर ती संपत असेल तर क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो आणि काही दिवसांत क्लच प्लेट जातात. पुढच्या ड्रमची वायर ताणली की न दाबताच ब्रेक लागून राहतो आणि ड्रम गरम होतो.

ॲक्सिलेटरची वायर सगळ्यात धोक्याची. गाडी मोकळ्या जागेत, मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी आणि मूठ न पिळता हॅन्डल दोन्ही टोकांपर्यंत हळू वळवावं. आवाज जराही वाढला तर वायर आखूड आहे किंवा कुठे तरी अडकली आहे. पांदण रस्त्यावर कापूस लादलेली गाडी वळवताना असा रेस आपोआप वाढला तर सावरायला वेळ मिळत नाही. अशी गाडी तशीच रस्त्यावर काढू नये.

स्विचच्या डब्यात एक बारीक खुंटी असते. ती हॅन्डलच्या छिद्रात बसते. बाजारातल्या काही हॅन्डलला हे छिद्र नसतं, तेव्हा खुंटी घासून टाकली जाते. मग डबा हॅन्डलवर फिरतो आणि ॲक्सिलेटर अडकू शकतो. खुंटी ठेवावी, छिद्र योग्य जागी पाडून घ्यावं.

डिस्क ब्रेकच्या गाडीत आणखी जपावं लागतं. ब्रेकचा पाईप रबराचा दिसला तरी तो ताणण्यासाठी नसतो. ओढ बसली की टोकाच्या लोखंडी टोपीजवळ चिरा पडतात, ऑईल पाझरतं आणि एक दिवस लिव्हर थेट मुठीला टेकतो. तपासताना गाडी मधल्या स्टँडवर घेऊन एकाने मागून दाबावं, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होतं आणि पुढचे शॉकअप पूर्ण खुलतात. त्या वेळी हॅन्डल दोन्हीकडे वळवून पाईप सैल राहिला पाहिजे. चाक जमिनीवर असताना पुरणारा पाईप खड्ड्यावरून उसळी बसल्यावर कमी पडू शकतो, आणि गॅरेजमध्ये नेमकी हीच तपासणी राहून जाते.

पाईप कमी पडत असेल तर लांब पाईपच बसवावा, जोड देऊ नये. बोल्टच्या दोन्ही बाजूचे तांब्याचे वॉशर नवेच घ्यावेत. ऑईल डबीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डबीतलं. नंतर हवा पूर्ण काढावी लागते. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर हवा आत आहे. हे काम सवयीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं, आणि गॅरेजमधून निघताना पहिले दोन-चार ब्रेक अंगणातच, चालण्याच्या वेगात मारून पाहावेत.